रिव्ह्यूवरून बदनामीची नोटीस आली, आता उत्तर कसं लिहायचं?

मुलुंडच्या एक बाई नोव्हेंबरमध्ये माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या हातात खाकी पाकीट होतं आणि आवाज कापत होता. "ताई, मी फक्त गुगलवर लिहिलं हो. आता पंचवीस लाख कुठून आणू?" पाकिटात एका मॉड्युलर किचनवाल्या कंपनीच्या वकिलाची चार पानी नोटीस होती: पंधरा दिवसांत रिव्ह्यू काढा, बिनशर्त लेखी माफी मागा, पंचवीस लाख भरपाई द्या, नाहीतर दिवाणी आणि फौजदारी दोन्ही कारवाई करू.

मी ग्राहकांना त्यांच्या तक्रारी लिहायला मदत करते. अशी नोटीस घेऊन येणारी माणसं आता वाढली आहेत. बहुतेक जण घाबरून त्याच रात्री रिव्ह्यू काढून टाकतात, आणि काही जण चिडून नोटिशीचाच फोटो पोस्ट करतात. दोन्हीनं नुकसान होतं. या बाईंचंच प्रकरण धरून सगळं क्रमानं सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आधी कागद ओळखा

वकिलाची नोटीस हा कोर्टाचा आदेश नसतो. ते एका पक्षानं दुसऱ्याला लिहिलेलं पत्र असतं. पंधरा दिवसांची मुदत वकिलानं स्वतः घातलेली असते, आणि ती संपली म्हणून पोलीस दारात येत नाहीत. पण कागदावर कोर्टाचा शिक्का आणि दाव्याचा क्रमांक असेल, तर ते समन्स आहे. तिथे गोष्ट वेगळी. दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी कैफियत द्यावी लागते, म्हणून समन्स आलं की त्याच आठवड्यात वकील गाठायचा. पुढचं सगळं फक्त नोटिशीपुरतं आहे.

पंचवीस लाखांच्या आकड्याचंही एक सांगते. नोटिशीत कितीही रक्कम लिहायला काही खर्च येत नाही. दावा लावायचा तर मात्र मागितलेल्या रकमेवर कोर्ट फी भरावी लागते, आणि नुकसान खरंच किती झालं हे कंपनीला कोर्टाला पटवून द्यावं लागतं. नोटिशीतला मोठा आकडा बऱ्याचदा घाबरवण्यासाठीच असतो. तरी नोटीस केराच्या टोपलीत टाकू नका. उत्तर देणं कायद्यानं सक्तीचं नाही, पण पुढे दावा झालाच तर "आम्ही लिहिलं, त्यांनी तोंडही उघडलं नाही" हे वाक्य कंपनीच्या कामी येतं. वेळेत गेलेलं शांत उत्तर तुमच्या कामी येतं.

पहिल्या दोन दिवसांत काय जपायचं

रिव्ह्यूला हात लावण्याआधी त्याचे स्क्रीनशॉट घ्या. त्यात पूर्ण मजकूर, तारीख, तुमचं नाव, कंपनीनं खाली काही उत्तर दिलं असेल तर तेही दिसायला हवं. शक्य असेल तर संगणकावर उघडून वर पत्त्याची ओळ दिसेल असा घ्या. मग पुरावे एका फोल्डरमध्ये गोळा करा: कोटेशन, पैसे दिल्याचे बँकेचे मेसेज, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, फोटो. फोटो ज्या फोनमधून काढले त्याच फोनमध्ये मूळ स्वरूपात ठेवा. व्हॉट्सअॅपनं पाठवलेल्या फोटोत तो कधी काढला ही आतली नोंद राहत नाही. प्रकरण कोर्टात गेलं तर असे डिजिटल पुरावे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रासोबत द्यावे लागतात, आणि तेव्हा "मूळ फोन कुठे आहे" हा प्रश्न येतो.

खाकी पाकीटही ठेवा. त्यावरचा पोस्टाचा शिक्का नोटीस कधी हातात पडली ते सांगतो. या बाईंची नोटीस 3 नोव्हेंबर 2025 ची होती, हातात पडली 7 तारखेला. म्हणजे पंधरा दिवस 22 तारखेला संपत होते.

कंपनीला फोन करू नका. त्या दिवसांत माणूस हळवा असतो, "चुकलंच माझं, पण तुम्ही पण..." असं काहीतरी तोंडातून निघून जातं, आणि पलीकडे रेकॉर्डिंग चालू असतं.

नोटीस वाचताना काय शोधायचं

मी पेन्सिल घेऊन एकच गोष्ट शोधते: तुमचं नेमकं कुठलं वाक्य खोटं आहे, असं त्यांनी लिहिलंय का? बहुतेक नोटिशींमध्ये "खोटा, दुर्भावनापूर्ण आणि निराधार मजकूर" अशी विशेषणांची रांग असते, वाक्य एकही उद्धृत केलेलं नसतं. या नोटिशीतही नव्हतं. उत्तरात ते विचारायचं, हे तेव्हाच ठरलं.

दुसरं, कलमं बघा. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तेव्हा त्यानंतरच्या रिव्ह्यूला जुनं 499, 500 लागत नाही, नव्या संहितेचं कलम 356 लागतं. काही नोटिशींमध्ये अजून माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ असतं. ते सर्वोच्च न्यायालयानं श्रेया सिंघल प्रकरणात 2015 मध्येच रद्द केलं. एवढ्यानं नोटीस बाद होत नाही, पण पाठवणाऱ्यानं किती काळजीनं लिहिलंय ते कळतं. उत्तरात त्यावर एक ओळ पुरे.

कलम 356 मध्ये जास्तीत जास्त दोन वर्षांची साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. कंपनीचीही बदनामी होऊ शकते, हे त्या कलमाच्या स्पष्टीकरणातच आहे. गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. म्हणजे पोलीस आपल्या मनानं उचलून नेत नाहीत. कंपनीला दंडाधिकाऱ्यांपुढे खाजगी तक्रार करावी लागते, आणि त्या तक्रारीची दखल घेण्याआधी तुम्हाला म्हणणं मांडायची संधी मिळते. ही सोय नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 223 मध्ये आली आहे.

मुदतही लक्षात ठेवा. बदनामीचा दिवाणी दावा मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षात लावावा लागतो. फौजदारी तक्रारीला तीन वर्षं आहेत. बाईंचा रिव्ह्यू 12 ऑगस्ट 2025 चा, म्हणजे दिवाणी दाव्याची मुदत 12 ऑगस्ट 2026 च्या आसपास. नोटीस पाठवली म्हणून ती वाढत नाही.

आपल्याच रिव्ह्यूचं वाक्यावाक्यानं ऑपरेशन

खरं काम इथे आहे, आणि लोक हेच सोडून सरळ उत्तर लिहायला बसतात. बाईंच्या रिव्ह्यूत पाच वाक्यं होती. आम्ही त्यांच्या डायनिंग टेबलावर बसून प्रत्येक वाक्य वहीत स्वतंत्र ओळीवर लिहिलं.

पहिलं: "एक लाख पंच्याऐंशी हजार घेतले, 45 दिवसांत काम म्हणाले, 97 दिवस लागले." हे तथ्य आहे आणि मोजता येतं. 3 मार्चचं कोटेशन होतं. काम पूर्ण झाल्याचा कंपनीच्याच सुपरवायझरचा मेसेज 8 जूनचा होता. कॅलेंडरवर मोजलं, 97 दिवस बरोबर निघाले. तीन हप्त्यांचे बँकेचे मेसेज जुळवले, 75, 75 आणि 35 हजार. हे वाक्य पक्कं.

दुसरं: "मरीन प्लाय सांगून साधा प्लाय लावला, पहिल्याच पावसाळ्यात फुगला." इथे मी थांबले. कोटेशनमध्ये 710 ग्रेड लिहिलं होतं. मरीन प्लायचं भारतीय मानक आयएस 710, सर्वसाधारण प्लायचं आयएस 303. सिंकखालच्या बॉक्समध्ये पाइपसाठी भोक पाडलेल्या पाठीमागच्या फळीवर लॅमिनेट नव्हतं, तिथे टॉर्च मारला तर 303 चा अर्धा शिक्का स्पष्ट दिसत होता. फुगलेली खालची फळीही होती, बोटानं दाबली की भुसा सुटत होता. पण शिक्का दिसत होता तो एकाच फळीवर. उरलेलं किचन कुठल्या प्लायचं आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. वाक्यात मात्र अख्ख्या किचनवर आरोप होता. म्हणून ते शिक्का दिसलेल्या फळीपुरतं आणि फुगलेल्या फळीपुरतं आणायचं ठरलं.

हे इतकं बारीक का, ते सांगते. दिवाणी दाव्यात मजकूर खरा असेल तर बचाव पूर्ण होतो, पण तो खरा आहे हे सिद्ध करायचं लिहिणाऱ्यानं. फौजदारीत खरेपणाबरोबर ते लोकांच्या भल्यासाठी होतं हेही दाखवावं लागतं. कलम 356 च्या दहा अपवादांपैकी ग्राहकाच्या कामाचे मुख्यतः तीन: लोकहितासाठी सांगितलेलं सत्य, आपल्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्भावनेनं केलेलं विधान, आणि दुसऱ्याच्या भल्यासाठी सद्भावनेनं दिलेला इशारा. सद्भावना म्हणजे योग्य ती काळजी घेऊन लिहिणं. एका फळीवरून अख्ख्या किचनवर आरोप करताना ती काळजी सुटलेली दिसते.

तिसरं: "सर्व्हिस अत्यंत खराब, पैसे पाण्यात गेले." हे मत आहे. ज्या तथ्यांवर ते आधारलं ती वर दिलेली आहेत, म्हणून ते टिकतं. नुसतं "एकदम बकवास" लिहून कारण काहीच दिलं नसेल तर मत पोकळ वाटतं.

चौथं: "हे लोक सगळ्यांनाच असं फसवतात, चोर आहेत." हे वाक्य बाईंना सर्वांत जवळचं होतं, कारण ते संतापात आलं होतं. आणि सर्वांत धोक्याचंही तेच. फसवणूक आणि चोरी हे गुन्हे आहेत. फसवण्याचा हेतू पहिल्यापासून होता हे फुगलेल्या फळीवरून सिद्ध होत नाही, कारागिरानं चुकून दुसरी फळी लावली असंही असू शकतं. "सगळ्यांनाच" याला तर काहीच आधार नव्हता. हे काढायचं.

पाचवं: "आमच्या बिल्डिंगमध्ये आणखी दोघांना असाच अनुभव आला." मी विचारलं, ते दोघं लिहून देतील का? एक घर सोडून गेलेले, दुसऱ्या म्हणाल्या, "नको बाई, आम्हाला त्यात ओढू नका." ऐकीव गोष्ट आपल्या नावावर कशाला घ्यायची? हेही काढायचं.

रिव्ह्यू काढायचा की बदलायचा?

सरसकट काढून टाकला तर तुमच्या खऱ्या अनुभवाचाही पुरावा लोकांसमोरून जातो, आणि कंपनी म्हणू शकते की चूक होती म्हणूनच काढला. तसाच ठेवला तर चौथं वाक्य गळ्यात राहतं. आम्ही मधला मार्ग घेतला. 13 नोव्हेंबरला फक्त चौथं, पाचवं काढलं आणि दुसरं त्या दोन फळ्यांपुरतं केलं. आधीचा आणि नंतरचा स्क्रीनशॉट दोन्ही ठेवले. बदलताना नवा आरोप, नवा राग, नोटिशीचा उल्लेख यातलं काहीही घालायचं नाही. मजकूर नव्यानं प्रसिद्ध केला, म्हणून एक वर्षाची मुदत पुन्हा सुरू झाली, असा युक्तिवाद कोणी करू शकतं. तेव्हा बदल कमीत कमी असावा.

उत्तराचा मसुदा

उत्तर कंपनीच्या वकिलाच्या नावे लिहायचं. नोटीस इंग्रजीत असली तरी उत्तर मराठीत दिलं तर चालतं. बाईंनी पाठवलेलं उत्तर जवळपास असं होतं:

> दिनांक 18 नोव्हेंबर 2025
>
> विषय: आपली दिनांक 3 नोव्हेंबर 2025 ची नोटीस
>
> महोदय,
>
> आपल्या अशिलांच्या वतीने पाठवलेली नोटीस मला 7 नोव्हेंबर 2025 रोजी मिळाली. माझे सर्व कायदेशीर हक्क राखून हे उत्तर देत आहे. यात जे स्पष्टपणे मान्य केलेले नाही ते सर्व मला अमान्य आहे.
>
> 1. मी आपल्या अशिलांची ग्राहक आहे. दिनांक 3 मार्च 2025 च्या कोटेशननुसार मी तीन हप्त्यांत एकूण रु. 1,85,000 दिले. कोटेशन व पैसे दिल्याच्या नोंदींच्या प्रती सोबत आहेत.
>
> 2. कोटेशनमध्ये कामाची मुदत 45 दिवस व प्लाय 710 ग्रेडचा असे नमूद आहे. काम 8 जून 2025 रोजी, म्हणजे 97 दिवसांनी पूर्ण झाले. सिंकखालील बॉक्सच्या पाठीमागील फळीवर 303 असा शिक्का आहे व खालची फळी फुगली आहे. फोटो सोबत आहेत.
>
> 3. माझ्या रिव्ह्यूतील याविषयीची विधाने सत्य आहेत. सेवेविषयीचे मत हे याच अनुभवावर आधारलेले माझे प्रामाणिक मत असून इतर ग्राहकांच्या माहितीसाठी सद्भावनेने दिले आहे.
>
> 4. रिव्ह्यूतील दोन वाक्ये मी 13 नोव्हेंबर रोजी स्वतःहून काढली आहेत व एक वाक्य अधिक नेमके केले आहे. यास कोणत्याही आरोपाची कबुली समजू नये.
>
> 5. माझे नेमके कोणते विधान असत्य आहे, हे आपल्या नोटिशीत नाही. ते कागदपत्रांसह कळवावे. चूक दिसल्यास मी दुरुस्ती करीन.
>
> 6. माफी व रु. 25 लाख भरपाईची मागणी मला मान्य नाही.

पहिल्या परिच्छेदातलं "जे मान्य केलेले नाही ते अमान्य" हे वाक्य सोडू नका. चार पानी नोटिशीतला एखादा मुद्दा तुमच्या उत्तरातून सुटला तरी तो कबूल केला असं म्हणता येऊ नये म्हणून ते असतं. पाचवा मुद्दाही जरूर ठेवा. खरं काय ते बघायला मी तयार होते, हे त्यातून कागदावर येतं.

आता या उत्तरात काय नाही ते बघा. "पैसे परत द्या, मग रिव्ह्यू काढते" हे त्यात नाही. बाईंनी पहिल्या कच्च्या मसुद्यात ते लिहिलं होतं, मी खोडलं. रिव्ह्यूच्या बदल्यात पैसे मागितले की खंडणीचा वास येतो आणि तुमचा सगळा सद्भावनेचा बचाव पडतो. भरपाई हवी असेल तर ती स्वतंत्र पत्रानं, सदोष कामाबद्दल मागायची. त्या पत्रात रिव्ह्यूचा शब्दही नको. कंपनीनं ऐकलं नाही तर ग्राहक आयोगात जायचं. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, मुलुंडकरांसाठी म्हणजे मुंबई उपनगरच्या जिल्हा आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे.

पाठवणं

रजिस्टर एडीची आपल्याला सवय, पण रजिस्टर्ड पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं. काउंटरवर पोचपावतीसह स्पीड पोस्ट मागा. वकिलाचा ईमेल नोटिशीवर असेल तर त्यावरही सही केलेली प्रत पाठवा. पोस्टाची पावती दोन महिन्यांत पुसट होते, तिचा फोटो त्याच दिवशी काढा आणि पोचल्याची ऑनलाइन नोंद छापून ठेवा. उत्तराची प्रत कंपनीचे इतर ग्राहक, सोसायटीचा ग्रुप, ओळखीचा पत्रकार यांना पाठवू नका.

वकिलाकडून पाठवायचं का? तुमच्या रिव्ह्यूत गुन्ह्याचा आरोप असेल, कागदपत्रं हाताशी नसतील किंवा नोटिशीत आधीच कोर्टाचा उल्लेख असेल, तर हो. नाहीतर निदान एकदा वकिलाला दाखवून घ्या. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, त्यासाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 हा क्रमांक आहे. विलेपार्ल्याची मुंबई ग्राहक पंचायतही ग्राहकांच्या बाजूनं जुनं काम करणारी संस्था आहे, तिथे विचारता येतं.

उत्तरानंतर

बऱ्याचदा यानंतर काहीच येत नाही. तरी फाईल निदान मुदती संपेपर्यंत टाकू नका. कधी तडजोडीचा निरोप येतो, तसा या बाईंना डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला. कंपनीनं सिंकखालचा बॉक्स 710 च्या फळीत बदलून द्यायची तयारी दाखवली आणि सहीसाठी एक पानी मजकूर पाठवला. त्यात मधोमध एक ओळ होती: "गैरसमजातून मी कंपनीविषयी खोटी माहिती प्रसिद्ध केली होती." बाईंना सही करून मोकळं व्हायचं होतं. पण या ओळीवर सही म्हणजे खोटं लिहिल्याची कबुली, आणि तो कागद कंपनीच्या ताब्यात.

आम्ही ती ओळ काट मारून परत पाठवली आणि तिच्या जागी लिहिलं: "माझ्या तक्रारीचे निवारण झाल्याने मी रिव्ह्यूमध्ये तशी नोंद करीन. दोन्ही पक्षांची या विषयातील एकमेकांविरुद्धची कोणतीही मागणी उरलेली नाही." एक अटही घातली: सही बॉक्स बसवून झाल्यावर, आधी नाही. दोन दिवसांनी वकिलाचं मान्य असल्याचं ईमेल आलं. सुतार शनिवारी आला, नवीन फळी बसवायच्या आधी बाईंनी तिच्यावरच्या 710 च्या शिक्क्याचा फोटो काढून घेतला, आणि मग सही केली.